घंगाळाचे वर्णन

फलटणच्या बाजारपेठेतील रेखाच्या भांड्यांच्या दुकानाला रस्त्याच्या बाजूने नऊ फुटांचे तोंड आणि आत तीस फुटांची खोली आहे. पुढच्या फळ्यांवर स्टील, त्यामागे ॲल्युमिनियम, आणि सर्वांत आत, जिथे गिऱ्हाईक सहसा पोहोचत नाही, तिथे तांबे, पितळ आणि काशाची भांडी. पतीच्या निधनानंतर सात वर्षे हे दुकान ती एकटी सांभाळीत होती. सासरे, म्हणजे बापूजी, ब्याऐंशी वर्षांचे. ते सकाळी दोन तास गादीवर येऊन बसत आणि कुणी तांब्याचे भांडे विचारले तरच बोलत.

गेल्या दिवाळीनंतर निखिलने पुण्याहून फोन केला. शेजारच्या मोबाईलवाल्याला दुकानाची जागा भाड्याने हवी होती, दरमहा अठरा हजार. पाडव्यापर्यंत उत्तर द्यायचे होते. "आई, स्टीलवर तुला काय सुटते ते तूच सांग," तो म्हणाला. रेखाने काही सांगितले नाही, कारण आकडा तिला पाठ होता. तिने एवढेच म्हटले, की आतला माल मोबाईलवरून विकून पाहते, मग ठरवू.

तिने अठरा भांड्यांचे फोटो काढले आणि नातलगांच्या, ओळखीच्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकले. प्रत्येक फोटोखाली एकच प्रकारचा मजकूर होता : 'सुंदर पारंपरिक पितळी पातेले', 'आकर्षक तांब्याचा हंडा', 'उत्तम दर्जा'. दोन महिन्यांत तीन नग गेले. त्यातले एक पितळी पातेले मुंबईहून परत आले. सोबतचा निरोप दोन ओळींचा होता. फोटोत मोठे वाटले होते. आणि आतून पांढरा रंग का लावला आहे?

तो रंग नव्हता, ती कल्हई होती. पितळेत आंबट पदार्थ कळकतो म्हणून आतून कथलाचा थर देतात, हे आपल्यापैकी ज्यांच्या घरी अजून पितळी भांडी वापरात आहेत त्यांना सांगायला नको. मुंबईच्या त्या मुलीला मात्र ते कुणी सांगितलेच नव्हते. रेखाला दोन्ही बाजूंचा कुरिअरचा खर्च सोसावा लागला आणि पातेले पुन्हा फळीवर गेले.

याच सुमारास एक जुने गिऱ्हाईक आले. त्यांच्या घरी याच दुकानातून नेलेले तांब्याचे घंगाळ होते. आता दोन भावांची घरे वेगळी होत होती आणि दुसऱ्या घराला तसेच, अगदी तसेच, घंगाळ हवे होते. नमुन्यासाठी ते घंगाळ त्यांनी दुकानात आणून ठेवले. रेखाने त्याचे चार फोटो काढून पुण्याला कसबा पेठेतल्या तांबट आळीत बापूजींच्या ओळखीच्या कारागिराला पाठवले. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"वहिनी, फोटो पाहिले. त्यात मला तुमचे दुकान दिसते, घंगाळ काही दिसत नाही."

रेखाने फोटो उघडून पाहिला. काका थट्टा करीत नव्हते. घासून लख्ख केलेल्या तांब्यावर वरची ट्यूबलाइट दोन पांढऱ्या पट्ट्यांनी उमटली होती. पोटाच्या मधोमध तिच्या स्वतःच्या गुलाबी साडीचा डाग होता, बाजूला शटर आणि त्यापलीकडे रस्त्यावरची एक मोटारसायकलसुद्धा. चकचकीत धातू हा आरसाच असतो. त्याचा फोटो म्हणजे त्याच्यासमोर जे जे आहे त्याचा फोटो.

"फोटो राहू द्या," काका म्हणाले. "मला शब्दांत सांगा. तोंड किती, खोली किती? काठ कसा आहे, नुसता कापलेला की वळवून आत तार भरलेली? पोट काठापासूनच सुटते की खाली जाऊन? बूड सपाट की गोल? कड्या कशाच्या, कुठे जोडल्या? आणि मठार कशी आहे ते नीट पाहून सांगा. एक वेळ वजन राहिले तरी चालेल, पण मठार राहता कामा नये."

रेखाने लग्नानंतरची सव्वीस वर्षे या भांड्यांच्या सोबतीत काढली होती, पण यातल्या दोनच प्रश्नांची उत्तरे तिला देता आली. बाकीच्यांसाठी ती मोजपट्टी, तराजू आणि लिटरचे माप घेऊन बापूजींसमोर बसली.

बापूजींनी घंगाळ मांडीवर घेतले आणि डोळे मिटून त्यावरून हात फिरवला. "भांड्याला माणसासारखे अवयव असतात," ते म्हणाले. "काठ, गळा, खांदा, पोट, बूड. घंगाळाला गळा नाही. तू वरून खाली ये. जे हाताला लागेल ते आधी बोल, मग लिही."

मग त्यांनी मठारीबद्दल सांगितले, आणि ते रेखाला नवे होते. भांड्यावर दिसणारे ते ठोक्यांचे खळगे ती आजवर नक्षी समजत होती. बापूजी म्हणाले, नक्षी ती नंतर झाली. तांब्याचा पत्रा ठोकून घडवताना तो पुन्हा पुन्हा भट्टीत तापवावा लागतो, आणि तापवलेले तांबे मऊ पडते. तसेच सोडले तर भरलेले घंगाळ उचलताना त्याचा आकार बिघडेल. म्हणून शेवटी थंड भांड्यावर सगळीकडून हातोडीचे ठोके देतात. त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि चमकही येते. ठोका पुढच्या ठोक्याला किंचित चाटून गेला पाहिजे. मधे कोरी जागा राहिली तर तिथे भांडे कच्चे राहिले.

दीड तासाने वहीच्या पानावर जे उतरले ते असे होते : 'तांब्याचे घंगाळ. तोंड 15 इंच, खोली 7 इंच. वजन कड्यांसह 2 किलो 900 ग्रॅम. काठाखाली दोन बोटे सोडून सव्वाबारा लिटर पाणी मावते. काठ बाहेर वळवून आत तार भरलेली. पोट काठाखाली चार बोटांवर सुटते, बुडाकडे पुन्हा आत येते. बूड सपाट. समोरासमोर दोन पितळी कड्या, काठाखाली रिवेटने जोडलेल्या. मठार ओळीने, करंगळीच्या टोकाएवढी, पोटावर नऊ ओळी. काठालगत दोन बोटांची पट्टी मठारीशिवाय. आतून कल्हई नाही.'

हा मजकूर तिने तांबटकाकांना फोनवर वाचून दाखवला. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "काठालगतची पट्टी सांगितलीत ते बरे झाले. नाहीतर मी वरपर्यंत ठोकत गेलो असतो." तीन आठवड्यांनी घंगाळ आले. गिऱ्हाइकाने दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. नव्याची झळाळी सोडली तर फरक सांगता येत नव्हता.

इथे गोष्ट संपली असती. पण वहीचे ते पान गल्ल्यावर उघडेच होते आणि शेजारी मोबाईल पडला होता. दुपारच्या रिकाम्या वेळी रेखा पानावरचे एकेक वाक्य वाचून ते फोटोत सापडते का, हे पाहू लागली. मठार ओळीने? फोटोत ओळी नव्हत्याच, एक तांबूस चकाकी होती. दोन कड्या? एकच दिसत होती. तोंड 15 इंच? ते घंगाळ आहे की हळदीकुंकवाची वाटी, हे फोटोवरून ठरवता येत नव्हते. चार बोटांवर सुटणारे पोट? मोबाईल भांड्याला टेकवण्याइतका जवळ धरल्यामुळे पोट फुगले होते आणि बूड बशीएवढे झाले होते. फोटो वाईट का आहे, हे तिला आजवर उमगत नव्हते. आता निदान तो नेमके काय काय सांगत नाही, याची यादी तरी हाती आली होती.

तिने सुरुवात मुंबईहून परत आलेल्या पातेल्यापासून केली. आधी वर्णन लिहिले : 'पितळी पातेले. तोंड 7 इंच, खोली 4 इंच, वजन 850 ग्रॅम. काठाखाली बोटभर सोडून दोन लिटर मावते. चार माणसांची आमटी. आतून ताजी कल्हई, पांढरी चमक, काठापर्यंत. बाहेरून मठार बारीक, तुरीच्या दाण्याएवढी.' मग प्रत्येक वाक्यासाठी भांडे कुठे ठेवावे लागेल, याचा विचार केला.

मठारीचे उत्तर मागच्या दाराने दिले. दुकानाच्या मागे उत्तरेला उघडणारे दार आणि छोटे अंगण आहे. त्या दारातून ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. तिने ट्यूबलाइट बंद केली आणि दारापासून चार फुटांवर स्टुलावर पातेले असे ठेवले, की उजेड त्याच्या एका कुशीवरून सरकत जाईल. समोरून किंवा फ्लॅशने आलेला प्रकाश प्रत्येक खळगा सारखाच भरून टाकतो, म्हणून तो सपाट दिसतो. बाजूने आलेला प्रकाश खळग्याची एक कड उजळतो आणि दुसरी सावलीत ठेवतो. पडद्यावर तुरीचे दाणे एकदम वर आले. ट्यूबलाइट विझवल्याचा आणखी एक फायदा झाला. दोन तऱ्हांचे उजेड मिसळले की पितळ कधी हिरवट, कधी तांब्यासारखे दिसते. एकाच उजेडात ते पितळासारखे पिवळे राहिले.

साडीचे प्रतिबिंब घालवायला तिने बापूजींचे पांढरे धोतर दोरीवर टाकून समोर पडदा केला आणि त्याच्या फटीतून मोबाईल धरला. साडी गेली, मोटारसायकल गेली. पण पातेल्याची कडही गेली! सगळीकडे पांढरे झाल्यावर चकचकीत धातू खडूसारखा निर्जीव दिसतो. त्याचा आकार कुठे संपतो हेच कळत नाही. वर्णनात 'काठ किंचित बाहेर झुकलेला' असे होते आणि फोटोत काठ हवेत विरघळला होता. दोन दिवस ती यावर अडली. तिसऱ्या दिवशी बापूजींनी आपली काळी छत्री सवयीने स्टुलाशेजारी टेकवून ठेवली, तेव्हा पातेल्याच्या डाव्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ उमटली. काठाचा झुकाव, पोटाची गोलाई, बुडाचे वळण, सगळे त्या एका रेघेत आले. रेखाने छत्री तिथेच राहू दिली आणि दुसऱ्या बाजूला काळ्या कापडाची पट्टी लावली. पांढऱ्या पडद्याने चमक मिळते आणि काळ्या पट्टीने आकार, एवढे तिला समजले. भांड्यांच्या व्यवसायातील वाचकांनी हे घरी एकदा करून पाहावे. खर्च काहीच नाही.

बाकीचे झपाट्याने झाले. आकार बिघडू नये म्हणून ती पाच-सहा फूट मागे सरकली आणि दुप्पट झूम करून भांडे जवळ आणले. पडद्यावर भांड्याला बोट लावून उजेडाची खूण थोडी खाली ओढली, की पांढरे पडलेले चट्टे पुन्हा पिवळे होतात, हेही तिला सापडले. मापासाठी नारळ ठेवून पाहिला, पण नारळ लहानमोठे असतात. शेवटी तिने पातेले उचलणारा आपला हातच फोटोत घेतला; हाताचा अंदाज सगळ्यांना असतो. कल्हईसाठी वरून आत पाहणारा वेगळा फोटो काढला आणि खाली लिहिले, की हा रंग नाही, कथलाची कल्हई आहे. वापराने झिजते, आणि आत पितळ दिसू लागले की पुन्हा करून घ्यावी लागते. म्हणजे एका भांड्याचे चार फोटो : अंगाचा, आतला, हातातला आणि मठारीचा जवळून. पाचवा काढावा असे वाक्य वर्णनात उरले नव्हते.

असे करता करता ती तांब्याच्या पेल्यांपाशी आली. चोवीस पेले होते. घाऊक व्यापाऱ्याने 'हातकाम' म्हणून दिले होते आणि ती ते तसेच सांगून साडेचारशेला एक विकत असे. वर्णनाला बसली आणि तिची बोटे अडखळली. काठापासून तिसऱ्या ओळीत एक खळगा अर्धाच होता. तिने दुसरा पेला घेतला. तिसऱ्या ओळीत, जोडाच्या उजवीकडे, तोच अर्धा खळगा. मग सहा पेले ओळीने दारापाशी ठेवले. बाजूच्या उजेडात सहाही पेल्यांवर तो अर्धा खळगा एकाच जागी होता. हाताला एकच चूक एकाच जागी सहा वेळा करता येत नाही. पत्र्यावर आधी साच्याने खळगे छापले होते आणि मग पेला वळवला होता.

तिने एक पेला बापूजींच्या हातात दिला. त्यांनी तो नखाने वाजवला, वजनाचा अंदाज घेतला आणि खाली ठेवला.

"तुम्हाला ठाऊक होते?" तिने विचारले.

"संशय होता," ते म्हणाले. "मागे कधी असे ओळीने ठेवून पाहिले नाहीत."

रेखाने त्या संध्याकाळी बराच वेळ हिशेब केला. हे पेले आतल्या मालातले सर्वांत वेगाने जाणारे होते. जुना फोटो तसाच ठेवला असता तर कुणाला काही कळणार नव्हते. त्या फोटोत खळगेच धड दिसत नव्हते. तिने वहीत लिहिले : 'तांब्याचा पेला, 300 मिली, मठार यंत्रावर छापलेली.' फोटो असा निवडला, की ओळींचा सारखेपणा लपणार नाही. किंमत दोनशे ऐंशी केली. आधी साडेचारशेला नेलेले गावातले पाच जण तिला आठवत होते. त्यांना तिने बोलावून फरकाची रक्कम परत दिली. त्यांपैकी दोघांनी घेतली, एकाने त्याच पैशात आणखी पेला नेला, आणि एका बाईंनी मात्र नंतर दुकानात येणेच सोडले. सांगून तरी काय मिळाले, असे त्या दिवशी रेखाला वाटले असेलच.

शब्द आणि फोटो यांनाही न जमणाऱ्या गोष्टी होत्या. काशाची वाटी आणि पितळेची वाटी फोटोत जवळजवळ सारख्याच दिसतात. खरा फरक आवाजात आहे, काशाचा नाद लांबतो. तिथे तिने लाकडी चमच्याने दोन्ही वाट्या वाजवून छोटा व्हिडिओ केला. आणि हाताने घडवलेल्या प्रत्येक भांड्याखाली एक वाक्य घातले, की दुसरा नग याच मापाचा मिळेल, पण ठोके हुबेहूब असणार नाहीत.

पुढच्या अडीच महिन्यांत अकरा नग गेले. एक परत आला, तो वाटेत काठ चेपल्यामुळे. 'केवढे आहे?' आणि 'आत काय लावले आहे?' हे प्रश्न थांबले. त्यांच्या जागी 'नऊऐवजी सात ओळींचे मिळेल का?' असा प्रश्न नाशिकहून आला, तेव्हा रेखाने तो बापूजींना दोनदा वाचून दाखवला.

तरीही पाडव्याला निखिल आला तेव्हा आकडे सरळ होते. अकरा नगांतला नफा अठरा हजारांच्या भाड्याला पुरत नव्हता. रेखाने ते स्वतःच कागदावर मांडून त्याच्यापुढे ठेवले. खाली दुसरा हिशेब होता. रस्त्याचे तोंड लागते ते स्टीलला, आणि स्टीलमध्ये काही सुटत नाही. तांब्यापितळेचे गिऱ्हाईक आता रस्त्यावरून येतच नव्हते. म्हणजे पुढचे पंधरा फूट मोबाईलवाल्याला द्यावेत, मागचे पंधरा फूट, उत्तरेचे दार आणि अंगण आपल्याकडे ठेवावे.

"अर्ध्या जागेचे तो अठरा देणार नाही," निखिल म्हणाला.

"तेरा देतो. मी विचारले आहे."

निखिलने कागद पुन्हा वाचला. मग उठून मागच्या दारापाशी गेला. स्टुलावर एक जुना हंडा होता, भोवती धोतराचा पडदा, डाव्या अंगाला उघडी छत्री. "हा केवढ्याला लावला आहेस?" त्याने विचारले. ती म्हणाली, अजून लावला नाही, वजन व्हायचे आहे. त्याने बाह्या सरसावल्या आणि हंडा तराजूवर चढवला.

एप्रिलअखेर मधली भिंत उभी राहिली. जूनमध्ये पहिला पाऊस आला त्या सकाळी बापूजी देवदर्शनाला निघाले आणि दारात थबकले.

"रेखा, माझी छत्री कुठे आहे?"

"ती कामावर आहे, बापूजी," आतून आवाज आला. "निखिलची घेऊन जा."